लिस्टेड स्पर्धकाचं मार्जिन आपल्या प्लॅनमध्ये टाकण्याआधी: नोट्स उघडा, भाजक बदला

बॅगा बनवणाऱ्या एका छोट्या ब्रँडचा प्लॅन मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आला होता. ग्रॉस मार्जिनच्या रकान्यात ६० टक्के लिहिलेलं, हे कुठून आलं विचारलं तर ब्रँडची मालकीण म्हणाली की याच धंद्यातल्या एका लिस्टेड कंपनीचं तेवढंच आहे, त्यांच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. तेही खरं होतं, कंपनीने काही खोटं लिहिलेलं नव्हतं. पण तो ६० तिच्या धंद्याला लागू होत नव्हता आणि तो का होत नव्हता हे त्याच कंपनीच्या ॲन्युअल रिपोर्टमधून, त्याच आकड्यांवरून आम्ही दोन संध्याकाळी बसून काढलं. तीच पद्धत इथे सविस्तर लिहितोय. आकडे सगळे मी सोपे केलेत आणि बदललेत, विक्री १००० धरलीय म्हणजे टक्केवारी डोक्यात करता येते, चलन कुठलंही समजा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. पब्लिश झालेल्या अकाउंट्समधला प्रत्येक खर्च लोक एकूण विक्रीने भागतात आणि मिळालेली टक्केवारी आपल्या प्लॅनमध्ये टाकतात. पण दुकानाचं भाडं एकूण विक्रीमुळे येत नाही, ते दुकानांमुळे येतं, आणि उधारी रोख विक्रीवर नसतेच. त्यामुळे खर्च ज्या गोष्टीमुळे होतो त्या गोष्टीने तो भागायचा. इथे चूक झाली की पुढे कितीही सुंदर एक्सेल बनवा, उत्तर चुकीचंच येणार.

कुठली कागदपत्रं घ्यायची

प्रेझेंटेशन आणि तिमाही निकालाच्या बातम्या बाजूला ठेवा. लागतो तो पूर्ण वर्षाचा ऑडिट झालेला ॲन्युअल रिपोर्ट, निदान लागोपाठ तीन वर्षांचा, आणि त्यातलाही मुख्य भाग म्हणजे नोट्स, म्हणजे आकड्यांमागचा तपशील देणारी पानं. नफा-तोटा पत्रक एका पानाचं असतं आणि त्यात फारसं काही कळत नाही. खरी माहिती पाच नोट्समध्ये असते: सेगमेंट म्हणजे धंद्याचे वेगवेगळे विभाग, कर्मचारी खर्च, इतर खर्च, लीज आणि इन्व्हेंटरी. यांच्या सोबतीला कॅश फ्लो स्टेटमेंट.

बऱ्याच कंपन्यांचे दोन संच असतात, एक फक्त मूळ कंपनीचा आणि एक सगळ्या उपकंपन्या धरून एकत्रित केलेला. साधारणपणे एकत्रित घ्या, नाहीतर असं होतं की माल एका उपकंपनीत बनतो, विकते मूळ कंपनी, आणि मूळ कंपनीच्या एकट्या अकाउंट्समध्ये कच्च्या मालाऐवजी नुसती 'खरेदी' दिसते, जिच्यात उपकंपनीचा नफा आधीच मिसळलेला असतो. मात्र एकत्रित संचात तुमच्याशी काही संबंध नसलेला वेगळाच धंदा मोठा असेल तर मूळ कंपनीचाच संच बरा. सेगमेंटची नोट बघितली की हे पाच मिनिटांत कळतं.

तीन वर्षं अशासाठी की एकाच वर्षात एखादा कारखाना बंद झालेला असू शकतो, कोर्टाचा निकाल लागलेला असू शकतो, जुना स्टॉक राइट-ऑफ झालेला असू शकतो. तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवली की असा आकडा लगेच डोळ्यात भरतो, मग त्याची नोट वाचायची आणि एकदाच घडलेली गोष्ट असेल तर तो खर्च काढून ठेवायचा.

पत्रक कुठल्या पद्धतीचं आहे ते ओळखा

इथे बहुतेक जण अडकतात म्हणून जरा थांबतो. खर्च मांडायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत खर्च कशावर झाला ते लिहितात: माल, पगार, घसारा, इतर. दुसरीत खर्च कशासाठी झाला ते लिहितात: विकलेल्या मालाची किंमत, विक्री-वितरण, प्रशासन. आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये दोन्ही चालतात.

दुसऱ्या पद्धतीत कारखान्यातले पगार आणि कारखान्याचा घसारा सहसा विकलेल्या मालाच्या किमतीतच धरलेले असतात. पहिल्या पद्धतीत ते बाहेर असतात, त्यामुळे विक्रीतून फक्त माल वजा केला की जे उरतं त्याला लोक ग्रॉस मार्जिन म्हणतात आणि ते भारी दिसतं. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या, एकीचं ६० आणि दुसरीचं ४८, असं दिसलं तर पहिली जास्त हुशार आहे असं समजू नका, आधी पत्रकाची पद्धत बघा. दुसऱ्या पद्धतीने लिहिणाऱ्या कंपनीला पगार आणि घसारा एकूण किती झाला हे नोट्समध्ये वेगळं द्यावंच लागतं, त्यामुळे थोडी मेहनत करून एकीला दुसरीच्या साच्यात आणता येतं.

आम्ही बघत होतो त्या लिस्टेड कंपनीचं पत्रक पहिल्या पद्धतीचं होतं:

- विक्री १०००
- इतर उत्पन्न २५
- कच्चा माल २८०
- तयार मालाची खरेदी १३०
- स्टॉकमधला बदल उणे १०
- पगार आणि कर्मचारी खर्च १५०
- व्याज ३०
- घसारा ९०
- इतर खर्च २३५
- करपूर्व नफा १२०

स्वतःच्या शीटमध्ये हे टाइप केलं की पहिलं काम म्हणजे बेरीज जुळवणं. १००० अधिक २५, वजा सगळे खर्च मिळून ९०५, उरले १२०. जुळलं. हे न जुळता पुढे जाऊ नका, बहुतेक वेळा चूक स्टॉकच्या बदलाच्या चिन्हातच असते. उणे १० म्हणजे वर्षअखेरीला स्टॉक १० ने वाढला, म्हणजे घेतलेल्या मालातला तेवढा अजून विकलेला नाही, म्हणून तो खर्चातून वजा होतो.

इतर उत्पन्नाचे २५ तिथेच बाजूला काढा. ते ठेवींचं व्याज वगैरे असतं, बॅगा विकून आलेलं नसतं, आणि करपूर्व नफ्यात ते धरून तुलना केली तर तुमच्या प्लॅनला उगाच कमीपणा येतो.

माल म्हणून गेले २८० अधिक १३० वजा १०, म्हणजे ४००. मार्जिन ६० टक्के. हाच तो प्रेझेंटेशनवाला आकडा.

६० चे ५० कसे होतात

आता इतर खर्चाची नोट उघडली. २३५ मध्ये जाहिरात ५०, वाहतूक ४०, वीज २०, थोड्या मुदतीचं आणि विक्रीवर अवलंबून असलेलं भाडं १२, किरकोळ ६८, आणि एक ओळ होती जॉब वर्क ४५. जॉब वर्क म्हणजे बाहेरच्या कारागिरांकडून शिलाई करून घेतली त्याचे पैसे. हा सरळसरळ बॅग बनवायचा खर्च आहे, पण बसलाय कुठे तर इतर खर्चात.

मग कर्मचारी खर्च १५०. यातला कारखान्याचा किती हे अकाउंट्समध्ये वेगळं लिहिलेलं नव्हतं. पण रिपोर्टच्या पुढच्या भागात कर्मचाऱ्यांची संख्या विभागवार दिली होती आणि त्यात उत्पादनातले लोक ४० टक्क्यांच्या थोडे वर होते. कारखान्यातला पगार ऑफिसपेक्षा कमी असतो म्हणून आम्ही एक तृतीयांश, म्हणजे ५० धरले. हा अंदाज आहे आणि शीटमध्ये अशा प्रत्येक आकड्याला मी वेगळा रंग देतो, कारण सहा महिन्यांनी आपलाच अंदाज आपल्यालाच पक्का आकडा वाटायला लागतो. शिवाय तो ४० केला किंवा ६० केला तर शेवटचं उत्तर किती हलतं तेही लगेच बघून घ्यावं. इथे मार्जिन एका टक्क्याने वरखाली होत होतं, म्हणजे अंदाज थोडा चुकला तरी निर्णय बदलत नव्हता.

तर बनवायचा खर्च झाला ४०० अधिक ४५ अधिक ५०, म्हणजे ४९५. मार्जिन साडेपन्नास टक्के. तिच्या प्लॅनमध्ये शिलाईची मजुरी मालाच्या किमतीतच धरलेली होती, त्यामुळे तिच्याशी तुलना करायचा आकडा हा, ६० नव्हे. कारखान्याची वीज आणि घसाराही खरं तर यात यायला हवेत, पण तिने तेही मार्जिनच्या खाली ठेवले होते म्हणून आम्हीही खालीच ठेवले. दोन्हीकडे ओळीत बसलेल्या वस्तू सारख्या असल्या पाहिजेत, नियम एवढाच. पुस्तकात बरोबर काय लिहिलंय त्याने इथे फरक पडत नाही.

आता चॅनेल वेगळे करा

माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते इथे, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

सेगमेंटच्या नोटमध्ये दिलं होतं की १००० पैकी ६०० स्वतःच्या दुकानांतून आणि ४०० डीलरना घाऊक. आता बॅग तीच, बनवायचा खर्च तोच, पण दुकानात ती पूर्ण किमतीला जाते आणि डीलरला सवलतीत. डीलरची सवलत रिपोर्टमध्ये नसते, ती बाजारात विचारून कळते, दोन-तीन डीलर सहज सांगतात. समजा ४० टक्के, म्हणजे टॅगवर १०० लिहिलेली बॅग कंपनी डीलरला ६० ला देते. कर दोन्हीकडे बाजूला ठेवायचा, म्हणजे टॅगची किंमतही कर वगळून घ्यायची, कारण ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरलेला विक्रीकर कंपनीच्या विक्रीच्या आकड्यात सहसा धरलेला नसतो.

तर सगळा माल टॅग किमतीत मोजून बघू. दुकानातले ६०० म्हणजे ६००च. डीलरकडचे ४०० भागिले ०.६ म्हणजे ६६७. एकूण टॅग किमतीचा माल १२६७, आणि तो बनवायला खर्च ४९५, म्हणजे टॅग किमतीच्या ३९ टक्के. आता दोन्ही मार्जिन वेगळे निघाले: दुकानात १०० ची बॅग ३९ खर्चून विकली, मार्जिन ६१ टक्के. डीलरला तीच ६० ला विकली, उरले २१, ते ६० वर म्हणजे ३५ टक्के. उलटा हिशोब करून तपासा, ६०० चे ६१ टक्के ३६६ आणि ४०० चे ३५ टक्के १४०, बेरीज ५०६, आणि वर काढलेलं मार्जिन ५०५ होतं. जुळतंय.

म्हणजे साडेपन्नास टक्के हे मार्जिन त्या कंपनीला कुठल्याच एका विक्रीवर मिळत नाही. ती ६१ आणि ३५ ची सरासरी आहे आणि तिचं वजन त्यांच्या विक्रीच्या मिश्रणाने ठरलंय, तुमच्या नाही.

मर्यादा एक आहे. दुकानातही सेल लागतात, त्यामुळे दुकानातले ६०० पूर्ण टॅग किमतीला गेलेले नसतात. खरा टॅग किमतीचा माल १२६७ पेक्षा जास्त असणार आणि बनवायचा खर्च ३९ टक्क्यांपेक्षा थोडा कमी. म्हणून मी याला ३६ ते ३९ अशी पट्टी समजतो आणि प्लॅनसाठी वरचं टोक धरतो.

भाडं कुठे गेलं?

तिचा पुढचा प्रश्न होता की एवढी दुकानं आहेत आणि भाडं फक्त १२? आयएफआरएस १६ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड २०१९ पासून लागू झालं, आणि त्यानंतर त्या पद्धतीने अकाउंट्स लिहिणाऱ्या कंपन्यांमध्ये लांब मुदतीचं भाडं 'भाडं' म्हणून खर्चात दिसतच नाही. भाड्याच्या जागेचा हक्क मालमत्ता म्हणून धरतात, त्यावर घसारा, आणि पुढे द्यायच्या भाड्याचं देणं धरून त्यावर व्याज. म्हणजे भाडं फुटून घसारा आणि व्याज या दोन ओळींत जातं, आणि व्याज-घसाऱ्याच्या आधीचा जो नफा लोक एबिटडा म्हणून सांगतात त्यात ते येतच नाही. अमेरिकन पद्धतीत मात्र साधारण दुकानाचं भाडं अजूनही चालू खर्चातच बसतं, त्यामुळे अमेरिकन कंपनी आणि बाकीच्या जगातली कंपनी शेजारी ठेवताना दहा वेळा बघा.

या कंपनीचा एबिटडा १००० वजा ४०० वजा १५० वजा २३५, म्हणजे २१५, साडेएकवीस टक्के. आता कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये खाली फायनान्सिंगच्या भागात बघा, लीजच्या देण्याची परतफेड ५० आणि लीजवरचं व्याज २०, म्हणजे त्या वर्षी घरमालकांना रोख गेले ७०. व्याज कधी वेगळ्या भागातही दाखवतात, म्हणून लीजच्या नोटवरून खात्री करायची. हे ७० वजा केले तर एबिटडा १४५, साडेचौदा टक्के. सात टक्क्यांचा फरक नुसत्या मांडणीचा. तुमच्या प्लॅनमध्ये तुम्ही भाडं भाडं म्हणूनच लिहिणार, तेव्हा तुमच्याशी तुलना या साडेचौदाची.

भाडं एकूण झालं ७० अधिक १२, म्हणजे ८२. लोक याला १००० ने भागून ८.२ टक्के म्हणतात आणि आपल्या दुकानाच्या प्लॅनमध्ये ८ टक्के भाडं टाकतात. पण डीलरला विकलेल्या ४०० साठी कुठलं दुकान लागलं? ८२ ला ६०० ने भागा, १३.७ टक्के. यात ऑफिसचं आणि गोदामाचंही थोडं भाडं मिसळलेलं असेल, पण ते दुकानांच्या मानाने कमी असतं, म्हणून १२ ते १४ मधलं काहीतरी धरायला हरकत नाही.

तसंच दुकानातल्या लोकांचा पगार, आम्ही तो विभागवार संख्येवरून ६० काढला, तो ६०० वर १० टक्के. म्हणजे दुकानातलं ६१ टक्के मार्जिन भाडं आणि पगार गेल्यावर ३७ वर येतं, आणि दुकानाच्या फर्निचर-सजावटीचा घसारा अजून त्यातून जायचाय. आणि डीलरकडचं काय होतं? ३५. हे दोन आकडे शेजारी बघितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, कारण तिच्या प्लॅनमध्ये तिसऱ्या वर्षी स्वतःचं दुकान टाकायचं कारणच मुळी 'तिथे मार्जिन जास्त आहे' हे होतं.

उधारी आणि स्टॉकचे दिवस

तीच युक्ती इथेही. कंपनीची वर्षअखेरची येणी ८०. एकूण विक्रीवर काढलं तर २९ दिवस, आणि वाटतं की वा, महिन्याभरात पैसे येतात. पण दुकानातला ग्राहक लगेच पैसे देतो, उधारी फक्त डीलरकडे. ८० भागिले ४०० गुणिले ३६५, म्हणजे ७३ दिवस. येण्यांमध्ये बिलावरचा करही धरलेला असतो आणि विक्रीत नसतो, त्यामुळे खरे दिवस थोडे कमी, साठ-पासष्टच्या आसपास निघतील. पण २९ नक्कीच नाहीत. तिने प्लॅनमध्ये ३० दिवस धरले होते आणि तिची ७० टक्के विक्री डीलरना होणार होती. म्हणजे उधारीत अडकणारं खेळतं भांडवल जवळजवळ निम्मंच धरलं गेलं होतं, आणि छोटा ब्रँड अशानेच नफ्यात असतानाही पैशावाचून अडकतो.

स्टॉक २२०. याला विक्रीने भागायचं नाही, कारण स्टॉक खर्चाच्या किमतीत लिहिलेला असतो. बनवायच्या ४९५ ने भागा, १६२ दिवस. वर्षअखेर ज्या महिन्यात येते तो सीझनच्या आधीचा असेल तर स्टॉक फुगलेला दिसतो आणि नंतरचा असेल तर रोडावलेला, म्हणून सहामाही बॅलन्स शीट मिळत असेल तर तिच्यासोबत सरासरी घ्या.

मोठ्यांचे कुठले टक्के घेऊच नयेत

ऑफिसचा पगार, ऑडिट, सॉफ्टवेअर, मालकाचा स्वतःचा पगार, हे विक्रीच्या टक्क्यांत कधीच टाकू नका. कंपनीची आदल्या वर्षीची विक्री ८५० होती आणि कर्मचारी खर्च १३८. विक्री १५० ने वाढली आणि पगार १२ ने, म्हणजे वाढलेल्या विक्रीवर ८ टक्के, तर एकूण विक्रीवर १५ टक्के. यावरून ढोबळ कळतं की पगारातला साधारण निम्मा भाग विक्री कितीही असली तरी लागणारच आहे. त्यात पगारवाढही मिसळलेली असते म्हणून या आकड्यावर फार जोर देऊ नका, पण दिशा स्पष्ट आहे. मोठ्यांचा तो ठरलेला खर्च १००० वर पसरतो, तुमचा १० वर पसरणार. तिच्या प्लॅनमध्ये पगार १५ टक्के लिहिले होते, मी म्हटलं टक्के खोडा आणि माणसं लिहा, कोण, किती, कुठल्या महिन्यापासून. जाहिरातीचंही तसंच, त्यांचे ५ टक्के हे आधीच ओळखीच्या असलेल्या ब्रँडचे आहेत. आणि वाहतुकीत ते ट्रकने डीलरला माल पाठवतात, ती एकेक बॅग कुरियरने पाठवणार, या दोन ओळींचं नाव सारखं असलं तरी खर्च वेगळा, तिथे सरळ कुरियरचं दरपत्रक घ्यायचं.

मग प्लॅनमध्ये काय लिहिलं

तिची विक्री १०० धरू. ७० डीलरकडून, ३० स्वतःच्या वेबसाइटवरून पूर्ण किमतीला. डीलरची सवलत तीच ४० टक्के. टॅग किमतीत माल झाला ७० भागिले ०.६ म्हणजे ११७, अधिक ३०, म्हणजे १४७. मोठ्या कंपनीच्याच खर्चात, म्हणजे टॅगच्या ३९ टक्क्यांत तिने बॅगा बनवल्या असत्या तरी खर्च ५७ आणि मार्जिन ४३ टक्के. शिलाईचा खर्च धरल्यावर ६० चे साडेपन्नास झाले होते, आणि नुसत्या चॅनेलच्या मिश्रणामुळे त्याचे ४३.

आणि ३९ मध्ये तिला बनवता येणारच नव्हतं. तिची स्वतःची कॉस्ट शीट होती, एकेका बॅगेचं लेदर, अस्तर, चेन, बक्कल, शिलाई सगळं लिहिलेलं, आणि त्यातून टॅग किमतीच्या ४४ टक्के निघत होते. हे ४४ मला विश्वासाचे वाटले, मोठ्या खरेदीदारापेक्षा पाच टक्के जास्त, माल थोडा-थोडा घेतला की एवढा फरक पडतो. ४० निघाले असते तर मी कॉस्ट शीटवर शंका घेतली असती की काहीतरी राहिलंय, वाया गेलेलं लेदर, परत आलेल्या बॅगा, असलं काही. स्पर्धकाच्या आकड्याचा खरा उपयोग हाच. आपला आकडा तळापासून स्वतः काढायचा आणि त्यांचा शेजारी ठेवून बघायचं की फरकाचं कारण सांगता येतंय का. मोठ्यांपेक्षा आपला खर्च कमी निघाला आणि कारण सांगता येत नसेल तर आपलीच चूक असण्याची शक्यता जास्त.

१४७ चे ४४ टक्के म्हणजे साडेचौसष्ट, मार्जिन साडेपस्तीस. खालचे सगळे खर्च, पगार, कुरियर, जाहिरात, भाडं मिळून तिने ३८ धरले होते. तिच्या जुन्या शीटवर १०० मागे २२ नफा दिसत होता, आता अडीच तोटा.

मग आम्ही एकेक आकडा हलवून बघितला. डीलरची सवलत ४० ऐवजी ३५ वर आणली तर टॅग किमतीचा माल १३८ होतो, खर्च साडेसाठ, मार्जिन साडेएकोणचाळीस, म्हणजे जेमतेम नफ्यात. मिश्रण निम्मं-निम्मं केलं तर मार्जिन ४१ च्या थोडं वर, पण वेबसाइटची विक्री वाढली की कुरियर, परत येणारा माल आणि जाहिरात हे तिन्ही वाढतात, त्यामुळे ३८ तेवढेच राहतील असं धरता येत नाही, तिथे पाच टक्के वाढले की जवळजवळ सगळा फायदा गेला. बनवायचा खर्च ४४ वरून ४२ वर आणला तर मार्जिन तीन टक्क्यांनी वाढतं, त्यासाठी मॉडेल कमी करून एकेका लेदरची ऑर्डर मोठी करावी लागणार होती. तिने मॉडेल १४ वरून ६ वर आणली, सवलतीसाठी पाच डीलरशी पुन्हा बोलली, त्यातले तीन ३५ ला तयार झाले पण बदल्यात ९० दिवसांची उधारी मागितली, आणि मग आम्ही परत उधारीच्या दिवसांच्या ओळीवर येऊन बसलो.